मीच, मीही आणि मी पण

लग्नघरात केटररला ताटांचा आकडा हवा असतो. तो यादीवर बोट ठेवून विचारतो, “नाशिकचे मामा येतील का?” घरात जितकी माणसं, तितकी उत्तरं येतात. “येतील.” “येतीलच.” “येतीलही.” “येतील की!” “येतील हो.” “येतील पण...” क्रियापद एकच, काळ एकच, मामाही तेच. तरी अनुभवी केटरर पहिल्या उत्तरावर एक ताट धरतो, दुसऱ्यावर निर्धास्तपणे धरतो, तिसऱ्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करतो. चौथ्यावर, आपण विचारलं हेच यांना खटकलेलं दिसतंय, असं समजून विषय बदलतो. पाचव्यावर मान डोलावतो आणि सहाव्यावर पुढचं वाक्य ऐकायला थांबतो.

हेच संभाषण इंग्रजीत झालं असतं, तर बरंचसं काम आवाजानं केलं असतं. ‘दे विल कम’ यातल्या ‘विल’वर जोर दिला की ‘येतीलच’ झालं. ‘येतीलही’साठी मात्र क्रियापदच बदलून ‘माइट’ घ्यावं लागलं असतं. इंग्रजी माणूस वाक्यातल्या कुठल्याही शब्दावर आवाज चढवून त्याला बाकीच्यांपेक्षा उठून दिसायला लावतो. कागदावर उतरताना हा जोर हरवतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांत तेवढाच शब्द तिरक्या टायपात छापायची पद्धत आहे. देवनागरीत तिरका टाइप असून नसल्यासारखाच, कारण आपला जोर आधीच अक्षरांत लिहिलेला असतो. च, ही, पण, सुद्धा, देखील, तर, की, ना ही सगळी त्याच कामावरची मंडळी. त्यांतल्या पहिल्या तिघांकडेच इथे नीट पाहू.

शाळेच्या व्याकरणात यांची ओळख ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ अशी करून दिली जाते आणि पेपरात एक गुण मिळाला की ती विसरली जाते. ‘शुद्ध’ म्हणजे काय, तर ही लागताना आधीच्या शब्दाला धक्का लागत नाही. ‘घोडा’ला ‘साठी’ जोडलं की ‘घोड्यासाठी’ होतं, घोड्याचं सामान्यरूप होतं. पण ‘घोडाच’, ‘घोडाही’, ‘घोडासुद्धा’ यांत घोडा जसाच्या तसा उभा राहतो. म्हणूनच ‘नदीही’, ‘तूच’ यांतली दीर्घ अक्षरं दीर्घच राहतात. ‘साठी’, ‘वर’, ‘खाली’ ही मंडळी शब्दाचं वाक्यातलं नातं सांगतात, तर च आणि ही नात्यात पडतच नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय असेल असं त्याला वाटतं, एवढंच ती सांगतात. यास्कानं निरुक्तात शब्दांच्या चार जाती मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आपली ही अक्षरं निपातांत मोडतात. त्यांना शब्दयोगी म्हणण्यापेक्षा ते जुनं नाव मला जास्त पटतं.

च काय करतो ते पाहायला एक अगदी साधं वाक्य घेऊ. ‘माझ्या भावानं काल बाजारातून आंबे आणले.’ आता यात च एकेका शब्दाला लावत जाऊ.

‘माझ्याच भावानं काल बाजारातून आंबे आणले.’ इथे आधी कुणाच्या तरी भावाची चर्चा झालेली असणार. बाजारच्या आंब्यांना नावं ठेवली गेली असतील आणि बोलणारी म्हणते आहे की दुसऱ्यांच्या भावांचं काय घेऊन बसलात, हा उद्योग आमच्याकडेच झालाय.

‘माझ्या भावानंच आणले’ म्हटलं की प्रश्न वेगळा होतो. आंबे कुणी आणले, याबद्दल दोन-तीन नावं हवेत आहेत आणि त्यांतलं एक बोलणारीनं निवडलं, बाकीची खोडली. इथे च प्रत्ययाच्या मागे बसला आहे हे लक्षात घ्या. ‘भावाचनं’ असं कुणी म्हणत नाही. विभक्ती आधी, च नंतर. शब्दयोगी अव्यय असलं की मात्र थोडी मोकळीक मिळते. ‘तुझ्यासाठीच’ हे रोजचं, पण ‘तुझ्याचसाठी’ असंही म्हणता येतं आणि त्यात ‘तुझ्या’वरचा भार अधिक जाणवतो.

‘कालच आणले’ हे जरा फसवं आहे. कुणी ‘परवा आणले ना?’ असं विचारलं असेल, तर हा च ‘परवा नव्हे, काल’ असं सांगतो. कुणी आंबे हुंगून ‘शिळे आहेत का हो?’ म्हटलं असेल, तर तोच च ‘अहो, इतक्यातच आणलेत’ असं सांगतो. वेळ दाखवणाऱ्या शब्दांना च लागला की हा दुसरा अर्थ नेहमी दारात उभा असतो. ‘सकाळीच आला’ म्हणजे लवकर आला, ‘आत्ताच जेवलो’ म्हणजे जेवून फार वेळ झालेला नाही. आकड्यांनाही असाच एक खास अर्थ येतो. ‘दोनच आंबे’ म्हणजे थोडे, अपेक्षेपेक्षा कमी.

‘बाजारातूनच आणले’ यात भावाची थोडी बेअब्रू आहे. देवगडच्या मित्राच्या बागेतून थेट पेटी आली, असं त्यानं सांगितलेलं असावं. ‘आंबेच आणले’ यात बहिणीची कपाळपट्टी: पिशवी देऊन पाठवला भाजीला आणि आणले काय, तर आंबे.

सगळ्यात गमतीचा च शेवटचा. ‘माझ्या भावानं काल बाजारातून आंबे आणलेच.’ इथे च क्रियेला लागला आहे आणि तो कुठलीही दुसरी क्रिया खोडत नाही. ‘आणले, पिकवले नाहीत’ असा अर्थ कुणाच्याही डोक्यात येत नाही. अर्थ असा की आणू नको म्हटलं होतं, साखर वाढली आहे, डॉक्टरांनी बजावलंय, तरी पठ्ठ्यानं आणले. किंवा याच्या उलट: महिनाभर आणतो आणतो म्हणत होता, शेवटी आणले एकदाचे. दोन्ही वेळा हा च सांगतो की ही गोष्ट होणार की नाही यावर आधी ओढाताण होती आणि ती आता संपली. इंग्रजीत ‘ब्रॉट’वर जोर दिला तर हा अर्थ निघत नाही, ‘विकत आणले, चोरले नाहीत’ असला काहीतरी अर्थ निघतो. आपला अर्थ हवा असेल तर इंग्रजी माणसाला वाक्याचीच बांधणी बदलावी लागते. तेव्हा इंग्रजीतला आवाजाचा जोर म्हणजे मराठीतला च, हे समीकरण ढोबळमानानं खरं असलं तरी क्रियापदापाशी आलं की ते सुटतं.

क्रियापदाचा च मराठी माणूस सर्वांत जास्त वापरतो आणि त्याचा सर्वांत कमी विचार करतो. ‘जायलाच हवं’, ‘करणारच’, ‘बोलूच नकोस’, ‘आलोच!’ यांतला ‘आलोच’ तर जायला निघालेला माणूस म्हणतो. पाठ फिरलेली असते, रूप भूतकाळाचं असतं, आणि सांगायचं असतं की पाच मिनिटांत परत येतो. नवीन मराठी शिकणाऱ्या एका गुजराती शेजाऱ्यानं ‘आला कुठे, हा तर चालला’ असं म्हटल्याचं मला आठवतं.

अनुवादकांची खरी परीक्षा नकारार्थी वाक्यात होते. समजा इंग्रजी कादंबरीत एक मुलगा म्हणतो, ‘आय डिडन्ट टेक इट’ आणि त्यातला ‘आय’ तिरक्या टायपात आहे. म्हणजे कुणीतरी घेतलं, पण तो मी नव्हे. होतकरू अनुवादकाला वाटतं, तिरका टाइप दिसला की च लावावा. तो लिहितो, ‘मीच ते घेतलं नाही.’ झाली की पंचाईत! याचा मराठीत अर्थ होतो की ते मला मिळत होतं, दिलं जात होतं, मी स्वतःहून नाकारलं. आरोपी एका क्षणात बाणेदार झाला. किंवा असाही अर्थ लागतो की बाकी सगळ्यांनी घेतलं, न घेणारा एकटा मीच.

असं का होतं, तर च ज्या शब्दाला लागतो त्याला तो ‘हाच तो’ म्हणून वेगळा काढतो आणि उरलेलं सगळं वाक्य, नकारासकट, त्याच्या पदरात टाकतो. ‘मीच घेतलं नाही’ म्हणजे ‘न घेणारा कोण? मी.’ आपल्याला हवं होतं ते ‘घेणारा मी नव्हे.’ त्यासाठी मराठी च वापरत नाही, ‘नाही’ची जागा हलवते. ‘मी नाही घेतलं.’ क्रियापदाच्या मागे बसणारा नकार पुढे सरकला, ‘मी’ला येऊन चिकटला आणि काम झालं. हाच मुलगा ‘डिडन्ट’वर जोर देऊन बोलत असेल, म्हणजे पाचव्यांदा विचारल्यावर वैतागून, तर मग च येतो, पण क्रियापदावर: ‘मी घेतलंच नाही!’ इथे नकार च्या कह्यात जात नाही, उलट च मुळे नकार पक्का होतो. ‘तोच आला नाही’ आणि ‘तो आलाच नाही’ ही जोडी घरातल्या कुणालाही विचारून पाहा. पहिल्यात ज्याची वाट पाहत होतो नेमका तो आला नाही, बाकीचे आले. दुसऱ्यात तो आल्याचा पत्ताच नाही. फरक सगळ्यांना कळतो, कारण विचारलं की सगळे डोकं खाजवतात.

आता ही. च निवडतो आणि बाकीच्यांना बाहेर काढतो, ही आधीच आत असलेल्यांत आणखी एकाला बसवतो. ‘मीच जाईन’ म्हटलं की तुम्ही घरी थांबायचं, ‘मीही जाईन’ म्हटलं की गाडीत एक जागा जास्त लागेल. इथे हिंदी आणि मराठीनं मोठी अदलाबदल केली आहे. हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला च, आणि आपला ‘ही’ म्हणजे हिंदीतला ‘भी’. ‘राम ही आएगा’ ऐकून मराठी माणसानं ‘रामही येईल’ असं समजलं, तर स्वयंपाक पाच जणांचा होतो आणि येतो एकटा राम.

ही चूक छापील मजकुरातही सापडते. हिंदीत तयार झालेली जाहिरात घाईनं मराठीत उतरवली की ‘आज ही ख़रीदें’ याचं ‘आजही खरेदी करा’ होतं. म्हणायचं असतं की उद्यावर ढकलू नका. वाचणाऱ्याला वाटतं, काल खरेदी केलीत, बरं झालं, आज पुन्हा या. ‘आजच खरेदी करा’ एवढं लिहायला मराठीची कुठलीही पदवी लागत नाही. हिंदी ज्याच्या कानात जास्त घुमतं त्याचा हात मात्र नकळत ‘ही’कडे जातो.

ही ची आणखी दोन कामं सांगण्याजोगी आहेत. प्रश्नार्थक शब्दाला लागला की तो दार सताड उघडतो: कोणीही, कुठेही, केव्हाही, कसंही. त्यातलाच ‘काहीही’ आता स्वतंत्रपणे नांदतो आणि ‘काहीही हं!’ म्हणजे ‘उगाच वाट्टेल ते बोलू नकोस’ असं झालं आहे. आणि आकड्याला लागला की तो मोजणी पुरी करतो. ‘दोन मुलगे आले’ म्हटलं की एकूण मुलगे किती ते कळत नाही. ‘दोन्ही मुलगे आले’ म्हटलं की होते तेवढे दोघेच आणि ते दोघे आले. ‘दोन्ही’, ‘तिन्ही’ यांत ही इतका मुरला आहे की तो वेगळा दिसत नाही. ‘पाचही’, ‘दहाही’ म्हणताना पुन्हा सुटा होतो.

क्रियापदावर ही बसला की तो शंका निर्माण करतो. ‘पाऊस येईल’ हा अंदाज. ‘पाऊस येईलही’ म्हणताना बोलणारा दोन शक्यता शेजारी शेजारी मांडतो: येईल, नाहीही येणार. पहिलीत दुसरी मिळवली की दोघींचंही वजन कमी होतं. ‘पाऊस येईलच’ म्हणणारा मात्र छत्री घेऊन निघालेला असतो. तरीही येतीलच म्हणणाऱ्यावर थोडा संशय घ्यायला हरकत नाही. ज्याला पूर्ण खात्री असते तो नुसतं ‘येतील’ म्हणतो. च लावावा लागला याचा अर्थ कुणाच्या तरी मनात, कदाचित बोलणाऱ्याच्याच, ‘न आले तर?’ हा प्रश्न येऊन गेलेला असतो.

बोलण्यात मात्र ही मागे पडत चाललाय, हेही खरं. ‘मीही येते’ हे वाक्य मी हल्ली बातम्यांत आणि निवेदनांत जास्त ऐकतो. घरात ‘मी पण येते’ किंवा ‘मीसुद्धा येते’. अगदी ‘एकही माणूस नव्हता’च्या जागी ‘एक पण माणूस नव्हता’ असं म्हणणारे भेटतात. जुन्या वळणाच्या लोकांना हे आवडत नाही आणि लेखनात मीही ‘एकही’च लिहीन, पण बोलणाऱ्याला अडवण्याइतकं त्यात काही बिघडत नाही.

पण या ‘पण’कडे जरा थांबून पाहायला हवं, कारण या तिघांत तो सर्वांत लबाड. त्याचा अर्थ तो वाक्यात कुठे उभा आहे यावर ठरतो. पुढे आला की तो उभयान्वयी: ‘पण मी येते.’ कुणीतरी येऊ नको म्हटलंय, त्याला विरोध. मधे, नावाच्या किंवा सर्वनामाच्या पाठीशी आला की ‘सुद्धा’: ‘मी पण येते.’ आणि शेवटी आला की तिसरंच काही: ‘मी येते पण.’ यात मोठा विरोध नाही, भरही नाही. येते खरी, पण माझी एखादी अट आहे, किंवा तू धरून चाललास तसं ते अगदी सहज नाही, असा एक सूर मागे रेंगाळतो. इंग्रजीत शेवटी ‘दो’ लावतात, त्याच्या आसपासचा हा पण. ‘साडी छान आहे पण!’ म्हणणारी आधी किमतीबद्दल नाक मुरडून झालेली असते.

लिहिताना यात एक खड्डा आहे. ‘मी पण’ यातली मधली जागा गेली की ‘मीपण’ होतं आणि तो अहंकार झाला. तो ‘पण’ वेगळ्याच कुळातला, ‘मोठेपण’, ‘लहानपण’ यांतला. च आणि ही शब्दाला चिकटवून लिहायचे आणि ‘सुद्धा’ या अर्थाचा पण जागा सोडून, हे सोयीचं आहे ते यासाठी. ‘माझं मीपण येतं’ आणि ‘मी पण येते’ यांची गल्लत प्रत्यक्षात कुणी करणार नाही, तरी मुद्रितशोधकाचं पेन तिथे थांबतंच.

शेवटच्या पणची दोन रूपं खास घरगुती आहेत. एक लहान मुलांचं: ‘का पण?’ टीव्ही बंद कर म्हटलं की हे येतं. नुसत्या ‘का?’मध्ये कारण विचारलेलं असतं. ‘का पण?’मध्ये कारण काहीही सांगितलंत तरी ते पटणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. ‘मी काय केलं पण?’ हे त्याचंच मोठं भावंड. दुसरं रूप ‘तू पण ना!’ यात ‘तू सुद्धा’ असा अर्थ काढायला जाल तर आणखी कोण कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. मराठी मुलूख सोडून बाहेर वाढलेल्यांना हे वाक्य समजावून सांगणं अवघड जातं. नवरा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो आहे आणि बायको म्हणते, ‘तुम्ही पण ना!’ यात राग आहे, माया आहे, आणि हे आजचं नाही असंही आहे. ‘ना’ ऐकणाऱ्याकडून होकार मागतो, पण बाकीचं सगळं न बोलता सुचवतो. वाक्य पूर्ण करण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

ही अक्षरं आली कुठून? संस्कृतात च म्हणजे ‘आणि’, त्यामुळे आपला च तिथूनच आला असावा असं पटकन वाटतं. पण अर्थ जुळत नाही. आपल्या च चं काम संस्कृतात ‘एव’ करतो. मधला दुवा प्राकृतात आहे. हालाच्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात ‘चिअ’, ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ अशी रूपं याच अर्थानं येतात. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अवधारण’ म्हणजे निश्चय दाखवणारे शब्द म्हणून अशा रूपांची नोंद केली. ज्ञानेश्वरीत आणि पुढे तुकोबांकडे ते ‘चि’ होऊन येतं: तोचि, एकचि, ऐसेचि. मग ‘इ’ गळाला आणि च उरला. हा च ‘चहा’तल्या च सारखा उच्चारला जात नाही, ‘चमचा’तल्यासारखा दातांजवळ उच्चारला जातो, हेही इथे आठवायला हरकत नाही. कोकणीतही तोच च आहे. गुजरातीत त्याच जागी ‘ज’ येतो, ‘हुं ज’ म्हणजे ‘मीच’. शिवाय गुजरातीत ‘पण’ आपल्यासारखाच ‘परंतु’ आणि ‘सुद्धा’ अशी दोन्ही कामं करतो. हा पण संस्कृत ‘पुनः’पासून आला. वर सांगितलेल्या त्या गुजराती शेजाऱ्याला ‘आलोच’ अडलं, पण ‘मी पण’ पहिल्याच दिवशी आलं, त्याचं कारण हे.

मराठीनं हा च पुढे शेजारच्या भाषेलाही दिला. हैदराबादच्या दखनीत ‘मैंइच’, ‘ऐसाइच’, ‘वोइच’ असं बोलतात. हिंदी-उर्दूच्या ‘ही’ला बाजूला सारून तिथे मराठी च बसला आणि मुंबईच्या हिंदीनंही तो उचलला. चित्रपटांतल्या टपोरी पात्रानं ‘अपुन ऐसाइच है’ म्हटलं की थिएटर हसतं. व्याकरणाच्या नजरेनं पाहिलं तर तो आपला च हिंदी बोलतोय.

यावरून मराठी आवाज चढवतच नाही असं समजू नये. ‘कालच आणले’ मधले दोन अर्थ वेगळे काढायला शेवटी आवाजच लागतो. ‘परवा नव्हे’ म्हणताना ‘काल’ ठसक्यात येतो, ‘ताजे आहेत’ म्हणताना च वर आवाज किंचित उचलला जातो. ‘मी नाही घेतलं’ हे ‘मी’वर जोर दिल्याशिवाय म्हणताच येत नाही. फरक इतकाच की मराठीत आवाज बहुतेकदा च च्या सोबतीनं येतो, इंग्रजीत त्याला सोबत नसते. म्हणून परदेशात वाढलेली मराठी मुलं घरी बोलताना कधी कधी च गाळतात आणि ‘मी करणार!’ असं ‘मी’वर जोर देऊन म्हणतात. आईला ते कळतं. पण आजी नातवाकडे बघत राहते, कारण तिच्या कानाला ते अर्धवट वाटतं. ती ‘मीच करणार’ असं दुरुस्त करून सांगते. तो म्हणतो, तेच तर म्हटलं.

उलट प्रवासही होतो, आणि त्याची थट्टा आपली इंग्रजी चांगली आहे असं समजणारे लोक फार करतात. मुंबई-पुण्याच्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘ओन्ली’ हा च किंवा हिंदीतला ‘ही’ असतो. ‘मी तिथूनच आलो’ याचं ‘आय केम फ्रॉम देअर ओन्ली’ होतं. ‘दादरलाच राहतो’ याचं ‘आय स्टे इन दादर ओन्ली’. इंग्रज माणूस यात ‘फक्त’ शोधतो आणि गोंधळतो: दादरला फक्त राहतोस, मग जेवतोस कुठे? त्याच्या भाषेत इथे ‘दादर’वर नुसता आवाज चढवायचा असतो. आपल्याला ते जमत नाही असं नाही. जोर दिला आणि त्याचं अक्षर कुठे दिसलं नाही, की आपल्याला वाक्य उघडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून आपण हाताशी असलेला ओन्ली लावतो, आणि तोही बरोबर च च्या जागी, शब्दाच्या मागे.